तुळई हलत नाही, पाणी चढत नाही

मोठ्या रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये उभे राहिले की डोक्यावर फॉल्स सीलिंगच्या सपाट चौकटी दिसतात. त्या चौकटींच्या वर, स्लॅबच्या खाली जी जागा असते ती सगळ्या इमारतीत सर्वांत दाटीची. खोल्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे प्रत्येक खोलीकडे जाणारी गोष्ट कॉरिडॉरवरूनच जाते: एसीची डक्ट, ऑक्सिजनची नळी, आगीच्या वेळी पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचा पाइप, केबलचे ट्रे, वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमचा ड्रेनेज पाइप. यातली प्रत्येक गोष्ट वेगळा इंजिनिअर वेगळ्या ऑफिसात आखतो. प्रत्येकाच्या कागदावर ती व्यवस्थित बसलेली असते, कारण त्या कागदावर दुसऱ्या कुणाचे काही नसते.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बीआयएम, या पद्धतीत ही सगळी कामे संगणकावर त्रिमितीत, खऱ्या मापाने उभी केली जातात. तुळई तिच्या खऱ्या खोलीची, पाइप त्याच्या खऱ्या जाडीचा आणि खऱ्या ढाळाचा. मग वेगवेगळ्या ऑफिसांची मॉडेल्स एकावर एक बसवून कोण कुणाच्या अंगात शिरते आहे ते शोधतात. यालाच क्लॅश शोधणे म्हणतात. यात नेमके काय घडते ते एका नमुन्याच्या कॉरिडॉरवर पाहू. मापे या क्षेत्रात मिलिमीटरमध्ये बोलली जातात, म्हणून तीच ठेवतो.

समजा, एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत ४००० मिलिमीटर अंतर आहे. वरच्या फरशीचा थर ७५ आणि स्लॅब १५० गेला की स्लॅबचा तळ ३७७५ वर येतो. तुळया स्लॅबसकट ६०० खोल आहेत, म्हणून त्यांचा तळ आणखी खाली, ३३२५ वर. फॉल्स सीलिंग २७०० वर हवे. त्याची पट्ट्यांची जाळी आणि दिवे यांना १२५ सोडले की बाकीच्या सामानाला २८२५ च्या खाली उतरता येत नाही. म्हणजे तुळईखाली ५०० मिलिमीटर मोकळे आणि दोन तुळयांच्या मधल्या खणात ९५०.

कॉरिडॉरच्या लांबीने एसीची डक्ट जाते. पत्र्याची उंची ३५०, वर-खाली इन्सुलेशन मिळून ५०, आणि तिला पेलणाऱ्या लोखंडी अँगलला व लटकवण्याच्या नट-बोल्टला आणखी ५०. अशी ती २८२५ पासून ३२७५ पर्यंतची जागा घेते. वरची तुळई ३३२५ वर. ५० मिलिमीटरची फट राहते, म्हणजे एसीवाल्याच्या कागदावर सगळे ठीक.

आता ड्रेनेजचा पाइप. वरच्या मजल्याची बाथरूम्स कॉरिडॉरच्या एका बाजूला, आणि पाइप खाली नेणारा शाफ्ट दुसऱ्या बाजूला. ११० मिलिमीटरचा पाइप कॉरिडॉर आडवा ओलांडणार. तो दोन आडव्या तुळयांच्या मधल्या खणातून जातो आणि तिथे डक्टच्या वर स्लॅबपर्यंत चांगली ५०० मिलिमीटर जागा आहे. प्लंबिंगच्या इंजिनिअरला वरून काढलेल्या नकाशात एवढेच दिसते, आणि तोही निश्चिंत असतो.

अडचण कॉरिडॉरच्या काठाशी आहे. स्तंभांच्या ओळीवरून, कॉरिडॉरच्या लांबीने एक तुळई जाते. पाइपला बाथरूमकडून कॉरिडॉरकडे येताना ती ओलांडायलाच हवी. तिच्या खालून जायचे, तर थोडी फट सोडून पाइपचा माथा ३३०० वर, म्हणजे तळ ३१९० वर येतो. पण डक्टचा माथा ३२७५ वर आहे. पाइप डक्टमध्ये ८५ मिलिमीटर घुसला. पुढे डक्टच्या वर हवी तेवढी जागा आहे, पण तिचा उपयोग नाही, कारण मैलापाणी स्वतःच्या वजनाने वाहते. एकदा खाली उतरलेला पाइप पुन्हा वर उचलता येत नाही.

संगणक हा क्लॅश काही क्षणांत पकडतो. आधी तो प्रत्येक वस्तूभोवती कल्पित चौकट धरून कोणत्या जोड्या जवळ आहेत ते चाळतो, आणि फक्त त्या जोड्यांचे पृष्ठभाग खरोखर एकमेकांना छेदतात का ते तपासतो. नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्रीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची यादी मिळते: कोणती वस्तू, कोणत्या मजल्यावर, किती मिलिमीटर आत. मोठ्या इमारतीच्या पहिल्या तपासणीत ही यादी हजारोंत जाते, आणि इथूनच माणसाचे काम सुरू होते. एकच डक्ट चुकीच्या उंचीवर असेल तर ती वाटेतल्या प्रत्येक तुळईशी आदळते आणि एका चुकीच्या वीस नोंदी होतात. भिंतीतून जाणारा पाइपही क्लॅश म्हणून येतो, जरी तिथे भोक ठेवायचेच असले. अनुभवी समन्वयक आधी या नोंदींचे गट पाडतो. त्याच्या आधीही तो एक गोष्ट बघतो: सगळी मॉडेल्स एकाच आरंभबिंदूवर बसली आहेत का. एखादे मॉडेल थोडे सरकलेले असेल तर सगळी यादीच खोटी ठरते.

उलट फसवणूकही होते, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. आपल्या डक्टचे इन्सुलेशन आणि खालचा अँगल मॉडेलमध्ये काढलेच नसते, तर ती १०० मिलिमीटरने बारीक दिसली असती आणि तिच्या भोवती नसलेली मोकळी जागा दिसली असती. म्हणून वस्तू एकमेकींना शिवतात का एवढे तपासून भागत नाही. व्हॉल्व्ह फिरवायला, डक्टमधल्या डॅम्परपर्यंत हात घालायला जी रिकामी जागा लागते, तीही वस्तूसारखीच धरून वेगळी चाचणी लावावी लागते.

आपल्या कॉरिडॉरकडे परत येऊ. माघार कुणी घ्यायची? सर्वसाधारण रीत अशी की इमारतीचा सांगाडा शक्यतो हलवायचा नाही. त्यानंतर मान ढाळाच्या पाइपांचा, मग मोठ्या डक्टचा. दाबाखाली पाणी नेणारे पाइप आणि केबल वळू शकतात, म्हणून ते शेवटी. या न्यायाने डक्टने वाकायला हवे. तिचे माप ८०० बाय ३५० आहे. ती १००० बाय २८० केली तर हवेला वाट तेवढीच राहते आणि उंचीत ७० वाचतात. पण कमी पडत होते ८५, तेही मधली फट न धरता. शिवाय कॉरिडॉर ओलांडताना पाइप ढाळामुळे आणखी उतरणार. आणखी चपटी केली तर पत्रा जास्त लागतो, हवेचे घर्षण वाढते, पंख्यावरचा ताण वाढतो. हा उपाय पुरत नाही.

दुसरा उपाय तुळईतून जाण्याचा. बाथरूमकडे पाइपचा मध्य ३६७५ वर सुरू होतो. तुळईपर्यंत ६ मीटर अंतर, ढाळ शंभरास एक, म्हणजे ६० मिलिमीटर उतार. तुळईशी पाइपचा मध्य ३६१५ वर पोहोचतो. तुळईची मध्यरेषा ३६२५ वर आहे, म्हणजे पाइप जवळजवळ तिच्या पोटातून जातो. हे सोयीचे आहे, कारण वाकताना तुळईवर सर्वाधिक ताण वरच्या आणि खालच्या कडेला येतो आणि मुख्य सळया तिथेच असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर हिशेब करून १५० मिलिमीटरच्या स्लीव्हला परवानगी देऊ शकतो. मात्र तो जागा स्वतः सांगेल. स्तंभालगत नाही, कारण तिथे कातरबल जास्त असते आणि भूकंपाचा विचार करून तुळईच्या खोलीच्या सुमारे दुप्पट लांबीपर्यंत रिंगा दाट बांधलेल्या असतात. म्हणून पाइप स्तंभापासून दूर सरकवायचा आणि स्लीव्हभोवती जादा सळया घालायच्या.

पलीकडच्या काठालाही तशीच तुळई आहे. तिथे दुसरी स्लीव्ह लागते, आणि मधल्या साधारण अडीच मीटरमध्ये पाइप २५ मिलिमीटर उतरलेला असतो. म्हणजे दुसरी स्लीव्ह तेवढी खाली हवी. नकाशावर दोन्हींची उंची वेगवेगळी लिहिलेली नसेल, तर साइटवर त्या एकाच उंचीवर बसण्याची शक्यता दाट. मग पाइपला ढाळ मिळत नाही आणि ते कळते फार उशिरा, पाइप तुंबू लागल्यावर.

हे सगळे काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरले तर स्लीव्ह म्हणजे शटरिंगमध्ये बांधलेला नळीचा एक तुकडा. नंतर ठरले तर कोअर कटिंगचे यंत्र आणून कडक झालेल्या तुळईला भोक पाडायचे. कटर काँक्रीट कापतो तशी वाटेत आलेली रिंगही कापतो. पुष्कळदा मग इंजिनिअर परवानगी देत नाही आणि सीलिंगच खाली घ्यावे लागते.

तरीही यादीतला शेवटचा क्लॅश मिटला म्हणजे काम बांधता येण्याजोगे झाले, असे नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या जीवशास्त्र इमारतीचा प्रकार यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ‘इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड’ या बांधकाम क्षेत्रातल्या नियतकालिकाने तो २०११ मध्ये छापला. तिथे वास्तुविशारद आणि इंजिनिअरांनी सीलिंगवरच्या जागेत सगळ्या यंत्रणा मॉडेलमध्ये नेमक्या बसवल्या होत्या. पण ती अतिशय घट्ट रचना एका ठरावीक क्रमानेच जोडली तर बसणार होती, आणि हे त्यांनी कंत्राटदाराला सांगितलेच नाही. कंत्राटदाराने आपल्या सोयीने काम सुरू केले. जोडणी सुमारे ७० टक्के झाल्यावर जागा संपली. दावे झाले, प्रकरण तडजोडीने मिटले, आणि रक्कम लाखो डॉलर्सची होती. मॉडेलमध्ये सर्व वस्तू एकाच क्षणी हजर असतात. साइटवर त्या एकामागून एक येतात, आणि प्रत्येक वस्तू लावणाऱ्याला पाना फिरवायला जागा लागते.

काँक्रीटही मॉडेलइतके नेमके नसते. आय एस ४५६ या भारतीय मानकात तुळईच्या छेदाच्या मापात १२ मिलिमीटर जास्त किंवा ६ मिलिमीटर कमी इतका फरक मान्य आहे. तुळई १२ ने खोल भरली आणि शटरिंग थोडे झोल खाल्लेले असले, तर डक्टवरची आपली ५० ची फट पाहता पाहता निम्मी होते. म्हणूनच सीलिंगवर इतके दाट काम असेल तर काँक्रीट झाल्यावर तुळयांचे तळ पुन्हा मोजून मॉडेलशी ताडून पाहावे लागतात; लेझर स्कॅनरने किंवा साध्या लेव्हल यंत्राने, पण डक्टचा पत्रा कापण्याआधी.

आपल्या कॉरिडॉरसाठी समन्वयकाने साइटवर क्लॅशची यादी पाठवण्यात अर्थ नाही. त्याने दोन कागद पाठवावेत. पहिल्यावर प्रत्येक स्लीव्हचे स्तंभाच्या कडेपासूनचे अंतर, फरशीपासूनची उंची आणि व्यास. काँक्रीटच्या आदल्या दिवशी साइट इंजिनिअर टेप घेऊन त्याच्याशी पडताळणी करील आणि सही करील. दुसऱ्यावर जोडणीचा क्रम: आधी ड्रेनेजचा पाइप स्लीव्हमधून ओवून जोडायचा, त्याची पाणी भरून गळतीची चाचणी घ्यायची, आणि त्यानंतरच डक्ट वर चढवायची. डक्ट आधी चढली तर तिच्या वरच्या पाइपच्या सांध्यापर्यंत हात पोहोचत नाही, आणि तो सांधा गळला तर डक्ट पुन्हा उतरवावी लागते.