199 चा रिचार्ज की 299 चा?

दुकानात रिचार्ज करताना आपली नजर आधी किमतीवर जाते. पण किंमत भागिले वैधतेचे दिवस, आणि किंमत भागिले मिळणारा डेटा, हे दोन भागाकार केले की प्लॅन खरा कळतो.

जुलै 2024 च्या दरवाढीनंतरचे एअरटेलचे दोन प्लॅन घेऊ. दोन्हींची वैधता 28 दिवस, दोन्हींत अमर्याद कॉल. 199 रुपयांत पूर्ण मुदतीसाठी मिळून 2 जीबी डेटा होता, तर 299 रुपयांत रोज 1 जीबी, म्हणजे एकूण 28 जीबी. पहिल्याचा दिवसाचा खर्च सुमारे 7 रुपये 11 पैसे, दुसऱ्याचा 10 रुपये 68 पैसे. इथे पहिला स्वस्त. पण एका जीबीमागे पहिल्यात 99 रुपये 50 पैसे पडतात आणि दुसऱ्यात 10 रुपये 68 पैसे. आता दुसरा स्वस्त!

निकाल लागतो तो तुमच्या वापरावर. रोजचा 1 जीबी त्या दिवशी वापरला नाही, तर उरलेला पुढच्या दिवशी मिळत नाही. घरी वायफाय असलेल्या माणसाला 28 जीबीपैकी 2 जीबीच लागत असतील, तर 299 च्या प्लॅनमध्येही त्याला एक जीबी जवळपास 150 रुपयांना पडतो. अशाने 199 चाच घ्यावा.

मात्र 2 जीबी 28 दिवसांत वाटले, तर रोज साधारण 70 एमबीच येतात. मेसेज आणि यूपीआयपुरता नेट वापरणाऱ्याचे यात भागते. रोज 150 एमबी लागत असतील, तर डेटा चौदाव्या दिवशी संपेल. मग 1 जीबीचे डेटा व्हाउचर घ्यावे लागते. त्या वेळी ते 22 रुपयांना होते आणि एकच दिवस चालत असे. उरलेले 14 दिवस रोज ते घेतले तर 308 रुपये जातील, म्हणजे एकूण खर्च 507. चार व्हाउचरपर्यंत 199 चा प्लॅन परवडतो (287 रुपये). पाचवे घेतले की बेरीज 309 होते आणि 299 चा प्लॅन स्वस्त ठरतो.

वर्षाचा हिशेब करताना बाराने गुणू नका. 28 दिवसांच्या प्लॅनला वर्षात 13 रिचार्ज लागतात. त्यामुळे या दोन प्लॅनमधला 100 रुपयांचा फरक वर्षाला 1300 रुपयांचा होतो.

प्लॅनचे दर बदलत राहतात, हिशेबाची रीत तीच राहते. पुढच्या रिचार्जआधी फोनच्या सेटिंग्जमध्ये मागच्या महिन्याचा मोबाइल डेटा वापर पाहा. त्यातला वायफायचा आकडा धरू नका. मगच पैसे भरा.