फुटलेल्या कौलांचे पत्र

मंडळी, आज एका पत्राची गोष्ट सांगायची आहे. पत्र साधेच होते, गिऱ्हाइकाला पैसे देऊ करणारे. तरीही ते तीन आठवडे कुणाच्या उपयोगी पडले नाही. मी एका कौलांच्या वखारीत पत्रव्यवहार पाहतो. ते पत्र मीच लिहिले होते, तेव्हा दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न नाही.

हकीकत अशी. शेजारच्या तालुक्यातील एका शेतकऱ्याने, त्यांना आपण आबा म्हणू, घर शाकारायला दोन हजार मंगलोरी कौले घेतली. कर धरून भाव नगाला २८ रुपये. गाडीभाडे ४,००० रुपये, म्हणजे कौलामागे २ रुपये. एकूण ६०,००० रुपये त्यांनी आगाऊ भरले. गाडी पोचली तेव्हा १६० कौले फुटलेली निघाली. आबा हुशार. ड्रायव्हरसमोर मोजणी केली, पोच पावतीवर "१६० नग फुटके" असे लिहिले, आणि खाली ड्रायव्हरची सही घेतली. त्यामुळे फूट किती यावर पुढे कधीच वाद झाला नाही. हे एवढे जरी माल उतरवताना केले तरी निम्मे काम होते.

मग मी पत्र धाडले. त्यातले मुख्य वाक्य असे होते: "वाहतुकीत झालेल्या फुटीबाबत सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला असून, अनुज्ञेय घट वजा जाता उर्वरित नगांचे मूल्य प्रमाणशीर भाड्यासह अदा करण्यात येईल, तरी मान्यता कळवून योग्य ती पूर्तता करावी."

आता गुरुजी, हे वाक्य तुम्ही सातवीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवा आणि एवढेच विचारा: आबांना किती रुपये मिळणार? एकही मूल आकडा सांगू शकणार नाही, कारण आकडा त्यात नाहीच.

आबांनी आपला हिशेब केला. १६० कौले, कौलामागे भाड्यासकट ३० रुपये, म्हणजे ४,८०० रुपये. आमचा हिशेब वेगळा होता. बिलाच्या मागे बारीक अक्षरात एक अट छापलेली: शेकडा एक फूट गिऱ्हाइकाची. दोन हजारांची शेकडा एक म्हणजे २० कौले. तेवढी वजा करून राहिली १४०, आणि त्यांचे होतात ४,२०० रुपये. "अनुज्ञेय घट" या दोन शब्दांच्या पोटात आबांचे ६०० रुपये दडले होते.

दुसरा घोळ "मान्यता कळवून" याचा. आबांनी आमच्याच ड्रायव्हरला बाजारात गाठून "ठीक आहे म्हणावं" असे सांगितले आणि पैशांची वाट पाहत बसले. आम्ही सहीच्या कागदाची वाट पाहत होतो. जून तोंडावर आला, घराची एक बाजू उघडी, आणि दोन्हीकडे एकच समजूत की समोरचा चालढकल करतोय.

शेवटी आबा वखारीत आले. त्यांचे बोलणे ऐकून घेतले आणि मी पत्र नव्याने लिहिले. ते असे:

"आपली १६० कौले फुटली. त्याबद्दल आम्ही आपल्याला ४,२०० रुपये (चार हजार दोनशे) रोख भरपाई देऊ इच्छितो. पुढच्या खरेदीत वळते करणार नाही.

हिशेब: फुटलेली कौले १६०. बिलाच्या मागील अटीप्रमाणे आपल्याकडची २०. राहिली १४०. कौलांची किंमत १४० गुणिले २८, म्हणजे ३,९२० रुपये. भाडे १४० गुणिले २, म्हणजे २८० रुपये. एकूण ४,२००.

मान्य असेल तर या पत्राच्या खाली सही करा, बँकेचा खाते क्रमांक लिहा आणि बुधवार, १० जून रोजी सायंकाळी सहाच्या आत हा कागद वखारीत द्या. कागद पोचल्यावर पाच दिवसांत पैसे खात्यात जमा करू. फुटकी कौले परत आणण्याची गरज नाही. सही केल्यावर या १६० कौलांबद्दल पुन्हा मागणी करता येणार नाही. बाकीच्या कौलांबद्दलचा आपला हक्क तसाच राहील.

मान्य नसेल तर सही करू नका. काय मान्य नाही ते याच कागदावर लिहून द्या. पैसे देण्यासाठी आमचा कोणीही माणूस आपल्याकडे पिन किंवा ओटीपी मागणार नाही."

यातल्या दोन-तीन गोष्टींवर थोडे थांबतो. आकडा पहिल्या दोन ओळींतच आला, आणि अंकांत व अक्षरांत दोन्ही लिहिला. कापून घेतलेली २० कौले उघड दिसली. मालकांना हे प्रथम रुचले नाही. "अट दाखवली की माणूस भांडतो," असे ते म्हणाले. खरे आहे, भांडतो. पण पैसे हाती पडल्यावर कळले तर तो भांडतोच, शिवाय पुन्हा दुकानात पाऊल टाकत नाही.

"सही केल्यावर पुन्हा मागणी नाही" हे वाक्य पुष्कळ दुकानदार "पूर्ण व अंतिम" असे लिहून तळाशी टाकतात. ते सहीच्या आधी आणि सरळ बोलीत हवे, कारण सही करणारा नेमके त्यावरच आपले हक्क सोडत असतो.

काही पत्रांत असेही असते की "आठ दिवसांत उत्तर न आल्यास मान्य आहे असे समजू." हे लिहू नये, आणि कुणी लिहिले तर घाबरू नये. गप्प राहणे म्हणजे होकार, असे एका बाजूने ठरवता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे होकार हा बिनशर्त लागतो. "४,२०० घेतो, पण वरचे ६०० पण द्या" असे लिहिले तर तो होकार होत नाही. ती नवी मागणी होते. आणि पत्रातली तारीख टळली म्हणून गिऱ्हाइकाचा तक्रारीचा हक्क बुडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. आधी विचारपूस करायची तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पत्र धाडण्यापूर्वी मी ते वखारीतल्या हमालाला वाचून दाखवले आणि तीन प्रश्न विचारले: किती पैसे, काय करायचे, कधीच्या आत? तिन्ही उत्तरे बरोबर आली. पहिल्या मसुद्यात "१० जूनपर्यंत" एवढेच होते; त्यावर तो म्हणाला, "दहा तारीख धरून का सोडून?" म्हणून वार आणि वेळ घातली.

आबांनी सही केली नाही. कागदावर लिहिले, "आकडा समजला. वीस कौलांची अट मला बिल देताना कुणी सांगितली नाही. मान्य नाही." मालकांनी बिल पाहिले. पुढच्या बाजूवर अटीचा उल्लेखही नव्हता आणि मागच्या बाजूवर आबांची सही नव्हती. तासभर कुरकुर करून मालक ४,८०० ला तयार झाले. मी जुन्या कागदावर खाडाखोड केली नाही. नवे पत्र केले, १६० गुणिले २८ म्हणजे ४,४८०, भाडे ३२०, एकूण ४,८००. आणि वर लिहिले की आधीचे पत्र रद्द समजावे. आबांनी तिथेच बाकावर बसून ते दोनदा वाचले, सही केली, आणि चौथ्या दिवशी पैसे त्यांच्या खात्यात पडले. बिलाची अट आता पुढच्या बाजूला, ठळक अक्षरात छापून घेतली आहे.