क्यूब उबेत, पॅनल थंडीत

नाशिकच्या बाजूला एक प्रीकास्ट कारखाना आहे असं समजा. तिथे इमारतींच्या भिंती तयार होतात. सहा मीटर लांब, तीन मीटर उंच आणि दीडशे मिलिमीटर जाडीचं पॅनल संध्याकाळी लोखंडी साच्यात ओततात आणि सकाळी क्रेनने उचलून यार्डात नेतात. एका पॅनलचं वजन पावणेसात टनांच्या आसपास भरतं. हे सगळं वजन दोन लिफ्टिंग अँकरवर, म्हणजे काँक्रीटमध्ये गाडलेल्या दोन पोलादी खुंट्यांवर येतं. त्यात पॅनल साच्याला चिकटलेलं असल्यामुळे पहिल्या उचलीला वजनापेक्षाही जास्त ओढ लागते. काँक्रीटचं वय तेव्हा असतं जेमतेम सोळा तास.

उचलण्याएवढी ताकद आली की नाही हे क्यूबवरून ठरतं. त्याच घाणीतलं काँक्रीट दीडशे मिलिमीटरच्या चौकोनी साच्यांत भरतात आणि सकाळी ते ठोकळे मशिनमध्ये दाबून फोडतात. या कारखान्याच्या ड्रॉइंगवर अट आहे की चौरस मिलिमीटरला किमान १५ न्यूटन ताकद आल्याशिवाय पॅनल उचलायचं नाही. म्हणजे क्यूबने सुमारे ३४ टनांचा दाब सोसला पाहिजे.

डिसेंबरात ऑडिटर येतो आणि रजिस्टर चाळतो. रोज सकाळी १७, १८, १७. सगळं ठीक दिसतं. मग तो एकच प्रश्न विचारतो, ‘रात्री हे क्यूब कुठे असतात?’ उत्तर येतं, ‘लॅबमध्ये.’ लॅबचं तापमान २७ अंशांच्या आसपास राखलेलं असतं, कारण २८ दिवसांच्या प्रमाणित चाचणीसाठी भारतीय मानकाला तेच हवं असतं. पॅनल मात्र उघड्या शेडमध्ये, दहा-बारा अंशांच्या थंडीत पडलेलं. सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया थंडीत मंदावते, आणि पहिल्या रात्री हा फरक सर्वांत जास्त पडतो. म्हणजे रजिस्टरातले १७ न्यूटन खरेच आहेत, पण ते क्यूबचे आहेत. पॅनलची ताकद ११ सुद्धा असू शकते.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. आपण बनवलेलं मिश्रण चांगलं आहे का, याचं उत्तर लॅबमध्ये वाढलेला क्यूब देतो. हे पॅनल आज सकाळी उचलू का, याचं उत्तर पॅनलच्या शेजारी, त्याच ताडपत्रीखाली रात्र काढलेला क्यूबच देऊ शकतो. छोटा ठोकळा मोठ्या पॅनलपेक्षा लवकर गार होतो, त्यामुळे अंदाज चुकलाच तरी तो बहुधा सुरक्षित बाजूला चुकतो.

आता हे अहवालात कसं लिहायचं? ‘क्यूबच्या क्युरिंगकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलं तर त्यातून काहीच होत नाही. चांगल्या नोंदीत तीन गोष्टी असतात: अट काय होती, प्रत्यक्षात काय आढळलं, आणि त्याचा पुरावा कोणता. ‘उचलण्यापूर्वी पॅनलमध्ये १५ न्यूटन ताकद असल्याची खात्री हवी. तपासलेल्या दहाही पॅनलचे क्यूब रात्रभर लॅबमध्ये होते. शेडमधल्या तापमानाची नोंद नाही. त्यामुळे ही खात्री झालेली नाही.’ एवढं लिहिलं की वाद घालायला जागा उरत नाही.

कारखान्यांत अशा त्रुटीला ‘एनसी’ म्हणतात. ती मेजर असते किंवा मायनर. चूक अजून झालेली नाही पण होण्याची चिन्हं दिसतात, तेव्हा फक्त ऑब्झर्वेशन लिहितात. वरची त्रुटी मेजर आहे, कारण ती एका दिवसाची विसरभोळी चूक नाही. उचलण्याची परवानगी ज्या आकड्यावर मिळते, तो आकडाच चुकीच्या ठिकाणाहून येतो, आणि खाली माणसं उभी असतात. काँक्रीटची ताकद एक तृतीयांशाने कमी असली तर अँकरची पकड साधारण एक पंचमांशाने घटते. आजवर पॅनल पडलेलं नाही, हा युक्तिवाद ग्रेड ठरवताना अजिबात चालू नये.

त्याच भेटीत दिसतं की क्यूब फोडण्याच्या मशिनच्या कॅलिब्रेशनची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली आहे. ही तूर्तास मायनर. पण मशिन तपासल्यावर ते जास्तीचा आकडा दाखवत होतं असं निघालं, तर मागच्या कॅलिब्रेशनपासूनचे सगळे निकाल संशयास्पद ठरतात आणि ग्रेड वाढवावी लागते. यार्डातल्या पॅनलखालचे लाकडी ओंडके दोन ठिकाणी एका ओळीत नाहीत, तडे मात्र कुठे नाहीत, हे ऑब्झर्वेशन.

खरी परीक्षा तारखा ठरवताना होते. अनेक अहवालांत सगळ्या नोंदींपुढे ‘३० दिवस’ असा एकच आकडा असतो. मेजर त्रुटीला मात्र एक तारीख पुरत नाही. ऑडिट ९ डिसेंबरला झालं असेल, तर पहिली तारीख ९ डिसेंबरच. त्या दिवसापासून शेजारी ठेवलेला क्यूब १५ न्यूटन दाखवेपर्यंत पॅनल हलवायचं नाही, भले साचा दुपारपर्यंत अडकून राहो. दुसरी तारीख १२ डिसेंबर. तोवर यार्डातल्या प्रत्येक पॅनलच्या अँकरभोवती तडे आहेत का ते पाहायचं, आणि साइटवर गेलेल्या पॅनलची यादी ग्राहकाला कळवायची. एव्हाना त्या काँक्रीटची ताकद वाढलेली असते, पण उचलताना पडलेला तडा ताकद वाढल्याने भरून येत नाही. साइटवर पुन्हा त्याच अँकरला हूक लागणार असतो.

मूळ कारण शोधायला दोन आठवडे द्यावेत. इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली’. हे उत्तर ऑडिटरने परत पाठवावं. खोलात गेलं तर कळतं की कार्यपद्धतीत दोन प्रकारचे क्यूब वेगळे सांगितलेलेच नाहीत, आणि रात्रपाळीला लॅबचा माणूस नसतो. मग उपायही तसाच हवा: साच्याशेजारी क्यूबसाठी कुलपाचा पिंजरा, उचलण्याच्या क्यूबला वेगळा रंग, पॅनलमध्ये तापमान मोजणारी तार, आणि क्रेन चालकाच्या हाती सही केलेली चिठ्ठी आल्याशिवाय उचल नाही. हे सगळं ८ जानेवारीपर्यंत व्हावं.

त्यानंतर येते त्रुटी बंद करण्याची तारीख. कंपनीने दुरुस्ती केली म्हणजे त्रुटी बंद झाली असं नाही. दुरुस्ती टिकते हे दिसल्यावरच ती बंद होते. म्हणून ऑडिटरने जानेवारीच्या अखेरीस पुन्हा यावं आणि मधल्या तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्या, तापमानाच्या नोंदी आणि क्यूबचे निकाल एकमेकांशी ताडून पाहावेत. ही तपासणी एप्रिलवर ढकलली तर तिला अर्थ उरत नाही. एप्रिलच्या उकाड्यात शेड आणि लॅब यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि जुन्या चुकीच्या पद्धतीनेही सगळे पॅनल पास होतात. ज्या हवामानात दोष दिसतो, त्याच हवामानात तो गेला की नाही हे कळतं. या नोंदींत एक चांगली खूणही सापडते. थंड रात्रीनंतर काही पॅनल सकाळी आठऐवजी अकराला उचललेली दिसली, तर पद्धत खरोखर पाळली जाते आहे. रोज ठरल्या वेळी, रोज १७ न्यूटन असं दिसलं, तर चिठ्ठ्या आधीच भरून ठेवल्याचा संशय घ्यावा.

प्रीकास्ट भिंती वापरणाऱ्या बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या इंजिनिअरला माझी एक विनंती आहे. कारखान्याने ‘सर्व एनसी क्लोज’ असा शेवटचा तक्ता दाखवला, तर तेवढ्यावर थांबू नका. उचलण्याच्या क्यूबची नोंद मागा, आणि तो क्यूब त्या रात्री कुठे ठेवला होता हे विचारा.