जुना i7 की नवा i3? लॅपटॉपच्या चिपचं नाव असं वाचा

मोहाडीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. मुलीला बीसीएला प्रवेश मिळाला होता आणि लॅपटॉप घ्यायचा होता. पहिला फोटो एका रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून झालेल्या पण दुरुस्त करून विकायला ठेवलेल्या लॅपटॉपचा होता. त्यावर i7 चं स्टिकर होतं. दुसरा लॅपटॉप नवा, पण i3 चा. किमतीत फारसा फरक नव्हता. खाली प्रश्न होता, ‘भाऊ, i7 म्हणजे i3 पेक्षा भारीच ना?’

दुकानदारही हेच सांगत होता. पण i3, i5, i7 हा दर्जा फक्त एकाच पिढीच्या चिपमध्ये तुलना करायला उपयोगी पडतो. पिढी बदलली की तो आकडा जवळपास निरुपयोगी होतो. पाचवीतला पहिला नंबर आणि दहावीतला पाचवा नंबर यांची तुलना केल्यासारखं ते आहे. खरी माहिती असते ती डॅशनंतरच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरांत. म्हणून मी त्यांना पूर्ण नाव विचारलं. जुन्या लॅपटॉपचं नाव निघालं i7-7500U आणि नव्याचं i3-1215U.

आधी पिढी ओळखा

i7-7500U मध्ये डॅशनंतरचा पहिला आकडा 7, म्हणजे ही सातवी पिढी. ही चिप 2016 मध्ये आली. i3-1215U मध्ये मात्र पहिले दोन आकडे धरायचे: 12, म्हणजे बारावी पिढी, 2022 ची. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. चार आकडी नाव 1 ने सुरू झालं, की ‘पहिली पिढी’ समजून लोक ते बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात इंटेलच्या पहिल्या पिढीच्या लॅपटॉप चिपना तीनच आकडे असायचे. त्यामुळे 1 ने सुरू होणारं चार आकडी नाव दिसलं की पहिले दोन आकडे एकत्र वाचा. i5-1135G7 ही अकरावी पिढी, i5-1335U ही तेरावी. नाव पाच आकडी असेल, जसं i5-10210U, तरी पहिले दोनच आकडे पिढीचे.

आता या दोन चिपच्या पोटात काय आहे ते पाहू. त्या i7 मध्ये दोनच कोअर आहेत. कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा गडी. त्या i3 मध्ये सहा कोअर आहेत: दोन मोठे, जड कामं झपाट्याने उरकणारे, आणि चार छोटे, कमी विजेत किरकोळ कामं सांभाळणारे. हे सहाही सारख्या ताकदीचे नाहीत, त्यामुळे ‘सहा भागिले दोन, म्हणजे तिप्पट वेग’ असा हिशेब करू नका. पण जुन्या चिपचा कमाल वेग 3.5 गिगाहर्ट्झ आणि नवीचा 4.4 आहे. शिवाय नव्या रचनेचा मोठा कोअर तेवढ्याच वेगात जास्त काम करतो. ऑनलाइन लेक्चर चालू, ब्राउझरमध्ये दहा टॅब आणि बाजूला प्रोग्रामिंगचा एडिटर अशी वेळ आली, की दोन कोअरचा i7 धापा टाकू लागतो.

त्याहून मोठी अडचण विंडोजची आहे. मोजके अपवाद सोडले, तर विंडोज 11 साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, असा मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नियम आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी घेतलेला लॅपटॉप पहिल्याच दिवशी नियमाबाहेरचा. आडवाटेने विंडोज 11 टाकून देणारे भेटतात, पण पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी कुणी देत नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटचं अक्षर काय सांगतं?

दोन्ही नावांच्या शेवटी U आहे, म्हणून ही तुलना तरी सरळ झाली. U म्हणजे कमी विजेवर चालणारी चिप, मूळ मर्यादा साधारण 15 वॉट. H असेल तर साधारण 45 वॉट. त्यामुळे i5-1235U आणि i5-12450H या एकाच पिढीच्या, एकाच दर्जाच्या चिपमध्येही फरक आहे. पहिलीत दोन मोठे आणि आठ छोटे असे दहा कोअर; दुसरीत चार मोठे आणि चार छोटे, म्हणजे आठच. तरीही व्हिडीओ एडिटिंगसारखं सलग, जड काम H वाली जास्त चांगलं करते, कारण तिच्याकडे मोठे गडी जास्त आणि वीजही जास्त. बदल्यात पंख्याचा आवाज, जड चार्जर आणि लवकर उतरणारी बॅटरी. आपल्याकडे वीज दुपारभर गेली तर अभ्यासाला U च बरा.

G7 किंवा G1 दिसलं तर ते दहाव्या-अकराव्या पिढीतलं चिपमधल्या ग्राफिक्सचं मान आहे. आकडा मोठा, तर ग्राफिक्स चांगलं.

एएमडीची गोष्ट वेगळी

रायझनच्या 7000 मालिकेत पहिला आकडा पिढी सांगतच नाही, चिप कोणत्या वर्षाच्या यादीतली ते सांगतो. आतली रचना किती जुनी, हे तिसऱ्या आकड्यात दडलेलं असतं. Ryzen 5 7520U मध्ये तिसरा आकडा 2, म्हणजे झेन 2 ही 2019 ची रचना, कोअर चार. Ryzen 5 7530U मध्ये तिसरा आकडा 3, म्हणजे झेन 3, कोअर सहा. दुकानात दोन्हींवर ‘रायझन 5, 7000 सिरीज’ एवढंच लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे जुन्या वाटणाऱ्या Ryzen 5 5500U मध्येही झेन 2 चेच, पण सहा कोअर आहेत. शिवाय 7520U वाल्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. 8 जीबी घेतली तर शेवटपर्यंत 8 जीबीच.

इंटेलनेही 2024 पासून i काढून टाकला. Core 5 120U हे नाव नवंकोरं वाटतं, पण त्यातही 1235U आणि 1335U सारखेच दोन मोठे, आठ छोटे कोअर आहेत. कमाल वेग तेवढा 4.4, 4.6 आणि 5.0 असा वाढत गेला. नव्या नावासाठी बरेच जास्त पैसे मागत असतील, तर 1335U वाला घेऊन उरलेले रॅमवर घालवा.

मोहाडीच्या त्या गृहस्थांनी शेवटी i3-1215U च घ्यायचं ठरवलं, पण स्टिकरवर विसंबून नाही. स्टिकर बदलता येतं. दुकानात लॅपटॉप सुरू करायला लावा, विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा आणि हे टाइप करा:

```
msinfo32
```

उघडलेल्या खिडकीत Processor या ओळीत पूर्ण नाव दिसतं आणि त्याच ओळीच्या शेवटी कोअरची संख्याही. तिथे 6 Core(s) पाहिल्यावरच त्यांनी पैसे दिले.