पहिलं पान पडण्याआधी

2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने त्यात एक सुवर्ण व दोन कांस्यपदकं मिळवली. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरांचा वाटा होता. मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला वाटतं, पत्त्यांत नशिबापलीकडे काय असणार? ब्रिजमध्ये निम्मं कसब पहिलं पान पडण्याआधीच, बोलीत, दिसतं.

बोली म्हणजे लिलाव. ‘एक इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक एक, असे सात हात करायची हमी. किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक आणि शेवटी नो ट्रम्प, या चढत्या क्रमाने बोली वाढते. पण भिडूला आपली पानं दिसत नाहीत; म्हणून ही हमी निरोपाचंही काम करते. मात्र हा निरोप गुप्त नसतो. त्याचा अर्थ विचारायचा प्रतिस्पर्ध्यांना हक्क असतो.

पानांचं बळ मोजतात ते असं: एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2, गुलामाला 1. पूर्ण कॅटमध्ये 40 गुण, म्हणजे प्रत्येकाला सरासरी 10. साधारण 12 असले की बोली उघडावी. दोघांचे मिळून 25 झाले, तर चार इस्पिक, म्हणजे दहा हात, सहसा जमतात आणि त्याला मोठं बक्षीस असतं.

समजा तुमच्याकडे इस्पिकचे एक्का-राजा आणि तीन बारीक पानं, बदामचा राजा व दोन, चौकटची राणी व दोन, किल्वरचा गुलाम व एक बारीक पान आहे. गुण 13. तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हणता. प्रचलित पद्धतीत भिडूला कळतं की इस्पिकची निदान पाच पानं आहेत आणि गुण 12 ते 21 मध्ये कुठेतरी. पल्ला फार मोठा. तो म्हणतो ‘दोन इस्पिक’: माझ्याकडे तीन इस्पिक आणि 6 ते 9 गुण. आता बेरीज तुमच्या हाती आली. 13 आणि 9 मिळून जास्तीत जास्त 22. पास! तुमच्याकडे 19 असते तर थेट चार. 17 असते तर ‘तीन’ म्हणून भिडूलाच विचारायचं, तुझे 8-9 आहेत का?

याउलट सुरुवातीलाच ‘एक नो ट्रम्प’ म्हटलं की 15 ते 17 गुण आणि समतोल पानं, इतकं नेमकं सांगून झालं. मग बेरीज भिडूची. त्याच्याकडे 10 असले तर तो विनातक्रार ‘तीन नो ट्रम्प’ म्हणतो. मला ही बोली सगळ्यांत प्रामाणिक वाटते. ज्याने आपलं बळ नेमकं सांगितलं, त्याने पुढे गप्प बसावं.

नवशिके नेमके इथेच फसतात. 13 गुणांवर, पानं देखणी दिसतात म्हणून, ते ‘दोन इस्पिक’वर ‘तीन’ म्हणतात. 9 गुणांचा भिडू त्याचा अर्थ 17 असा घेऊन ‘चार’ म्हणतो. टेबलावर गुण 22, हमी दहा हातांची. आठ-नऊ हात होतात आणि कमी पडलेल्या प्रत्येक हातामागे 50 किंवा 100 गुण प्रतिस्पर्ध्यांच्या खात्यात जातात.