कार्यदिनांकडून तासिकांकडे : शालेय वार्षिक नियोजनाची पंधरा वर्षे

महाराष्ट्रातील प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांत वार्षिक नियोजन, म्हणजे वर्षभराच्या अभ्यासक्रमाची महिने व आठवडे यांत केलेली वाटणी, हा पूर्वीपासून जूनमध्ये मुख्याध्यापकांकडे सादर होणारा कागद होता. मात्र १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कार्यदिन ठरवून दिल्यानंतर त्या कागदाला कायद्याचा आधार मिळाला. त्याच कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांसाठी १००० अध्यापन-तासांचीही अट घातली होती. शाळांच्या नियोजनात मात्र दिवसांची संख्या ठळक राहिली आणि तासांचा हिशेब मागे पडला, आणि पुढच्या अनेक अडचणींचे मूळ याच निवडीत आहे.

कार्यदिन म्हणजे शाळा उघडी असलेला दिवस. त्या दिवशी एखाद्या विषयाची तासिका झालीच, असे त्यातून सिद्ध होत नाही. आठवीच्या गणिताचे उदाहरण घेता येईल. २०१८ च्या पाठ्यपुस्तकात सतरा प्रकरणे असून पहिल्या भागात नऊ आणि दुसऱ्या भागात आठ आहेत. पहिल्या सत्राचे सतरा आठवडे आणि आठवड्याला सहा तासिका धरल्यास कागदावर १०२ तासिका दिसतात. त्यांतून सणांच्या सुट्ट्यांच्या सुमारे दहा, चाचणी व सत्र परीक्षेच्या बारा आणि स्पर्धा, कार्यक्रम, शिक्षक-प्रशिक्षण यांत जाणाऱ्या सहा वजा केल्या की ७४ उरतात, आणि उजळणीसाठी आठ राखल्या की नव्या आशयाला ६६ मिळतात. त्या नऊ प्रकरणांना सारख्या वाटून देणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. ‘चौकोन रचना व चौकोनाचे प्रकार’ या प्रकरणात प्रत्येक मुलाच्या हातात कंपास द्यावा लागतो, म्हणून त्याला अकरा तासिकाही कमी पडू शकतात. ‘सूट व कमिशन’ सहांत होते. ‘विस्तार सूत्रे’ पक्की झाल्याशिवाय ‘बैजिक राशींचे अवयव’ सुरू करता येत नाही, त्यामुळे ही दोन प्रकरणे सुट्टीच्या दोन बाजूंना विभागली गेली, तर दुसऱ्याच्या आरंभी पहिल्याची उजळणी करण्यात दोन-तीन तासिका जातात.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने हा हिशेब आणखी नाजूक केला. सत्राच्या शेवटची परीक्षा हे संकलित मूल्यमापन. तर तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय अशा साधनांनी शिकवतानाच करायची नोंद हे आकारिक मूल्यमापन. दुसऱ्यासाठी वेगळ्या तासिका मांडल्या गेल्या नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी सत्राच्या अखेरच्या पंधरवड्यात सगळ्या नोंदी एकदम भरल्या जाऊ लागल्या. नोंदवहीतील तारखा एकाच आठवड्यात दाटलेल्या दिसल्या, की नियोजनात ही जागा सोडलेली नव्हती हे ओळखता येते.

करोनाकाळात, २०२०-२१ मध्ये, अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला, तेव्हा उपलब्ध वेळ पाहून आशय ठरवण्याची उलटी वाट प्रथमच राज्यभर चालली गेली. शिक्षकांना त्यातून एक महत्त्वाची सवय लागली : आधी तासिका मोजायच्या, मग प्रकरणे मांडायची. दुर्दैवाने ती टिकली नाही. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत आणि वहीची पाने जोडून आली. वाटणी आता पुस्तकाच्या बांधणीतच होती. हा प्रयोग २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. तो सुरू करताना दप्तराचे ओझे हे कारण सांगितले गेले होते, आणि ते खरेही होते. पण चार ठरीव भाग आणि दरवर्षी सरकणारी दिवाळी यांचा मेळ बसणे अवघडच होते.

या सरकण्याकडे नियोजनकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. चांद्र महिन्यांवर चालणारे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. म्हणजे २०२३ चे नियोजन केवळ तारखा बदलून २०२५ मध्ये वापरले, तर पहिल्या सत्रातून तीन आठवडे, म्हणजे गणिताच्या अठरा तासिका गळतात, आणि सत्र परीक्षेच्या तोंडावर ‘चौकोन’ व ‘सूट व कमिशन’ ही दोन्ही प्रकरणे न शिकवलेली राहतात. गणेशोत्सवही त्याच काळात १९ सप्टेंबरवरून २७ ऑगस्टवर आला. कोकणातील शाळांत त्या सुट्टीचे दिवस जास्त असल्याने तेथे पहिल्या चाचणीचा आठवडाच हलवावा लागतो. विदर्भात शाळाच उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे तेथील सत्राचा आरंभही वेगळा पडतो.

२०२५ मध्ये वार्षिक परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवण्यात आल्या, तेव्हा दुसऱ्या सत्राची अखेर प्रथमच एका तारखेला बांधली गेली. पहिले सत्र सणांनी हलते आणि दुसऱ्याची अखेर स्थिर राहते, त्यामुळे लवचीक ठेवायची प्रकरणे दिवाळीच्या सीमेवरच ठेवणे योग्य ठरते. ‘सूट व कमिशन’ सारखे स्वतंत्र प्रकरण नोव्हेंबरात ढकलले तरी इतर कोणतेही प्रकरण अडत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दिवाळी पुन्हा नोव्हेंबरात येते, तेव्हा तेच प्रकरण सुट्टीपूर्वी परत आणता येते.