रात्रपाळीतील एक कैफियत

सत्तरच्या दशकात मी रात्रपाळीस लागले तेव्हा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावयाचे असलेल्या रुग्णाची नाडी, ताप व रक्तदाब टिपावा, ‘घाबरू नका’ म्हणावे आणि पुढल्या खाटेकडे वळावे, असाच प्रघात होता. परंतु त्या दोन शब्दांनी कोणाचे भय ओसरलेले मी नोकरीच्या अखेरपर्यंत पाहिले नाही, आणि त्याचे कारण मला शहागंजातील एका भाजीविक्रेत्यापासून उमगले.

घड्याळाजवळ हातगाडी लावणारा हा पन्नाशीचा गृहस्थ जांघेतील हर्नियासाठी दाखल झाला होता आणि दवाखान्यात निजण्याचा त्याचा हा पहिलाच प्रसंग होता. रात्री एकच्या सुमारास तो खाटेवर ताठ बसलेला दिसला. नाडी शंभरावर, तळहात घामाने ओले. मी स्टूल ओढून बसले.

“काका, नेमकं कशाचं भ्या वाटतंय?”

“बाई, पाठीत सुई दिली की पाय कायमचे जातात म्हणं. मग गाडी कोण ढकलंल?”

सुरीचा त्याने उल्लेखही केला नाही. तेव्हा मी क्रमाक्रमाने सांगितले: कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतील, कमरेशी थंड औषध पुसतील, मग टोचल्याची कळ, थोड्याच वेळात पाय ऊबदार, नंतर लाकडासारखे जड होतील, पोटापाशी ओढल्यासारखे जाणवेल, पण दुखणार नाही, आणि दुखलेच तर लगेच बोलायचे, औषध उतरले की दोन-तीन तासांत बोटे पुन्हा हलू लागतील. त्याने मला ‘जड होतील’ हे तीनदा वदवून घेतले, कारण जडपणा अपेक्षित आहे हे ठाऊक नसते तर त्याच क्षणी त्याने पाय गेले असे मानले असते.

मन मोकळे झाल्यावर तो आपण होऊन बोलला, “बाई, मघाशी साडेबाराला पोरानं चहा आणला होता, पेलो मी.” मध्यरात्रीनंतर उपाशी राहण्याचा हुकूम होता; पोटातील दुधाचा चहा उलटून श्वासनलिकेत गेल्यास जिवावर बेतते, आणि कमरेतील भूल अपुरी पडून पूर्ण भूल द्यावी लागली तर तो धोका अधिकच. रागावले असते तर पुढला रुग्ण असे सांगता ना. मी कागदावर वेळ नोंदवून भूलतज्ज्ञांना कळविले, आणि त्याचे नाव सकाळच्या यादीत शेवटी गेले.

पुढे माझ्या वाचनात आले की बोस्टनच्या एका इस्पितळात एग्बर्ट प्रभृती डॉक्टरांनी १९६४ साली हेच पडताळले होते: पोटाच्या ऑपरेशनापूर्वी वेदना कोठे, किती काळ होईल व ती कशी हलकी करावी हे ज्यांना समजावून सांगितले, त्यांना नंतर वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले.

दुपारी त्याच्या पायाची बोटे हलली. संध्याकाळी मी पाळीवर आले तेव्हा त्याने गाडी कधी ढकलता येईल असे विचारले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, आणि त्यावर तो मनापासून चिडला.